गाडीचा अपघात विमा कंपनीला किती वेळात कळवायचा, आणि उशीर झाला की क्लेम का अडतो

गाडीच्या पॉलिसीत अपघात कळवण्याची मुदत शोधायला गेलात, तर बहुतेक वेळा तासांचा किंवा दिवसांचा आकडा सापडणारच नाही. अटींच्या यादीत अगदी पहिल्या क्रमांकावर फक्त एवढंच लिहिलेलं असतं की नुकसान झाल्यावर कंपनीला ताबडतोब आणि लेखी कळवावं. या 'ताबडतोब' शब्दावरच बहुतेक भांडणं होतात. हा लेख स्वतःच्या गाडीच्या नुकसानीच्या, म्हणजे 'ओन डॅमेज' क्लेमबद्दल आहे. तुमच्याकडे फक्त थर्ड पार्टी पॉलिसी असेल तर स्वतःच्या गाडीचा खर्च मिळणारच नाही. तरीही पायरी ६ तुमच्यासाठीही आहे.

१. 'ताबडतोब' म्हणजे नेमकं किती

खासगी गाड्यांच्या पॉलिसींमधली ही अट २००२ च्या इंडिया मोटर टॅरिफ या देशभरच्या गाडी विम्याच्या नियमावलीतल्या ठरावीक मसुद्यातून आलेली आहे, त्यामुळे कंपनी कोणतीही असली तरी शब्द जवळपास तेच असतात. कंपन्यांच्या वेबसाइटवर आणि ॲपवर मात्र '२४ तासांत कळवा', '४८ तासांत कळवा' असे आकडे दिसतात. तुमच्या पॉलिसीच्या छापील अटींत आकडा नसेल, तर वेबसाइटवरचा आकडा ही कंपनीची सूचना असते, कराराची अट नसते. हा फरक उशीर झालेल्या माणसाच्या कामी येतो. पण पहिल्या दिवशी त्याच्यावर विसंबून राहू नका.

व्यवहारात धरून चालायचं ते असं. फोन त्याच दिवशी, शक्यतो अपघाताच्या जागेवरूनच करायचा. ईमेल किंवा ॲपमधली लेखी नोंद २४ तासांच्या आत व्हायला हवी. रविवार, दिवाळी, मध्यरात्र ही कारणं चालत नाहीत, कारण क्लेम नोंदवायचा टोल फ्री नंबर चोवीस तास चालू असतो. नंबर पॉलिसीच्या पहिल्या पानावर असतो. तो आजच मोबाइलमध्ये सेव्ह करा आणि पॉलिसीची पीडीएफ फोनमध्ये अशा जागी ठेवा की नेट नसतानाही उघडेल. घाटात अपघात झाला की नेमकी रेंजच नसते.

इथेच एक गैरसमज दूर करायला हवा. कळवणं आणि क्लेमची कागदपत्रं देणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आरसीची प्रत सापडत नाही, गॅरेजचं एस्टिमेट आलं नाही, एफआयआरची प्रत मिळाली नाही, म्हणून कळवायचं थांबवणारे खूप जण असतात. कळवायला पॉलिसी नंबर, गाडीचा नंबर, अपघाताची तारीख, वेळ, जागा आणि चालकाचं नाव एवढंच लागतं. बाकी सगळं नंतर देता येतं.

२. उशीर झाला की कंपनीचं काय बिघडतं

क्लेम मंजूर करण्याआधी कंपनीला तीन गोष्टी पटाव्या लागतात. नुकसान सांगितलेल्या अपघातातच झालं आहे, त्या वेळी वैध लायसन्स असलेली व्यक्तीच गाडी चालवत होती, आणि मागितलेला खर्च त्या नुकसानीपुरताच आहे. या तिन्हींचा पुरावा दिवसागणिक पुसला जातो. एक उदाहरण घेऊ, म्हणजे हे कसं घडतं ते नीट दिसेल.

समजा, शनिवारी संध्याकाळी साडेसात वाजता पुण्याहून साताऱ्याकडे जाताना खंबाटकी घाट उतरताना गाडी डावीकडच्या कठड्यावर घासली. पुढचा बंपर तुटला, डावा हेडलाइट फुटला, फेंडर आत गेला आणि रेडिएटरला बारीक चीर पडली. कुणालाही लागलं नाही. गाडी सुरू होते आहे हे पाहून चालक तशीच साताऱ्यापर्यंत घेऊन गेला. वाटेत तापमानाचा लाल दिवा लागला, पण घर जवळ आलं होतं. रविवारी गॅरेज बंद होतं. सोमवारी ओळखीच्या मिस्त्रीने बंपर आणि रेडिएटर उतरवून बाजूला ठेवले आणि नव्या पार्टची ऑर्डर दिली. दहाव्या दिवशी त्याने सांगितलं की इंजिनही तापून गेलं आहे, हेड उघडावं लागेल. खर्चाचा आकडा ऐकल्यावर, बाराव्या दिवशी गुरुवारी, कंपनीला फोन गेला.

एस्टिमेट असं आलं: बंपर, हेडलाइट, फेंडर आणि रंगकाम ४६,००० रुपये, रेडिएटर आणि एसीचा कंडेन्सर २२,००० रुपये, इंजिनचं काम ७०,००० रुपये. एकूण १,३८,००० रुपये.

शुक्रवारी कंपनीने नुकसान तपासायला नेमलेला सर्व्हेअर आला तेव्हा त्याच्यासमोर काय होतं? उतरवलेला बंपर कोपऱ्यात पडलेला, आणि तो याच गाडीचा आहे की नाही हे सांगणारं काही नाही. फेंडरच्या घासलेल्या पत्र्यावर गंज चढलेला. कठड्याचा रंग गाडीला लागलेला असतो, त्यावरून टक्कर कशाशी आणि कोणत्या कोनात झाली ते कळतं. तो रंग धुतला गेलेला. अपघाताच्या जागेचा एकही फोटो नाही. शेवटच्या सर्व्हिसिंगचं बिल आणि ओडोमीटर जुळवला, तर अपघातानंतर गाडी किती चालली हेही नक्की सांगता येत नाही. सर्व्हेअरच्या नजरेने पाहिलं, तर हे नुकसान एका अपघाताचं असेल, दोन वेगवेगळ्या अपघातांचं असेल, किंवा निम्मं जुनंही असेल.

इंजिनच्या ७०,००० रुपयांचा प्रश्न आणखी वेगळा आहे. याच मसुद्यातली चौथी अट सांगते की अपघातानंतर गाडी दुरुस्त न करता चालवली, तर त्यामुळे वाढलेलं नुकसान पूर्णपणे मालकाच्या जोखमीवर असतं. फुटक्या रेडिएटरने गाडी साताऱ्यापर्यंत नेल्यामुळे इंजिन गेलं, म्हणून ते पैसे जवळपास हमखास नाकारले जातात. त्याच संध्याकाळी फोन झाला असता, तर पलीकडून पहिली सूचना 'गाडी चालवू नका, टो करून घ्या' अशीच आली असती. मग प्रश्न फक्त ६८,००० रुपयांचा उरला असता. त्यातून प्लास्टिकच्या पार्टवर ५० टक्के घसारा, इतर पार्टवर वयानुसार घसारा आणि १,५०० सीसीपर्यंतच्या गाडीसाठी १,००० रुपयांची सक्तीची वजावट कापून बाकी रक्कम मिळाली असती.

म्हणजे उशीर हा नुसता तांत्रिक दोष नसतो. बारा दिवसांत नुकसान वाढलं आणि ते तपासायचा मार्गही बंद झाला. नकाराच्या पत्रात 'विलंबाने सूचना' असं लिहिलेलं असतं, पण त्याच्या पाठीशी ही दोन कारणं असतात. तुम्हाला क्लेम वाचवायचा असेल तर उत्तर या दोन कारणांना द्यायचं असतं.

३. लोक कळवायला उशीर का करतात

मुख्य कारण नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न घेतल्याबद्दल नूतनीकरणाच्या प्रीमियममध्ये मिळणारी सूट. 'थोडक्या खर्चासाठी बोनस कशाला घालवायचा, आधी खर्च किती येतो ते बघू' असा विचार होतो आणि आठवडा निघून जातो. विचार चुकीचा नाही, क्रम चुकीचा आहे.

बोनसचं गणित एकदा मांडून पाहा. बोनस नसताना ओन डॅमेजचा प्रीमियम १२,००० रुपये आहे आणि तुमचा बोनस ५० टक्क्यांवर पोचला आहे, असं धरा. म्हणजे तुम्ही ६,००० भरता. क्लेम घेतला की पुढच्या नूतनीकरणाला बोनस शून्य होतो आणि मग दरवर्षी २०, २५, ३५, ४५ आणि ५० टक्के असा परत चढतो. प्रीमियम १२,००० च राहिला असं मानलं, तर त्या पाच वर्षांत तुम्ही ६,०००, ३,६००, ३,०००, १,८०० आणि ६०० असे मिळून १५,००० रुपये जास्त भराल. क्लेममधून हातात येणारी रक्कम याहून कमी असेल, तर स्वखर्चाने दुरुस्ती केलेली बरी. गाडी जुनी होत जाते तसा मूळ प्रीमियमही उतरतो, त्यामुळे खरा आकडा थोडा कमी येईल. हिशेबाची पद्धत हीच.

हा हिशेब कळवल्यानंतर करायचा. नुसतं कळवल्याने बोनस जात नाही. तो जातो क्लेमचे पैसे दिले गेले की. एस्टिमेट पाहून क्लेम घ्यायचा नाही असं ठरलं, तर क्लेम मागे घेत असल्याचा ईमेल करा आणि कोणतीही रक्कम न देता क्लेम बंद केला असं लेखी उत्तर मिळवून जपून ठेवा. नूतनीकरणाच्या वेळी कुणी बोनसवर शंका घेतली तर ते लागेल.

दुसरं कारण म्हणजे 'मी एजंटला सांगितलं होतं' किंवा 'शोरूमवाले बघतो म्हणाले होते'. एजंट, शोरूम, मिस्त्री यांना सांगणं म्हणजे कंपनीला कळवणं असं धरून चालू नका. तुमच्या मोबाइलवर क्लेम नंबरचा मेसेज आला नाही, तोवर अपघात कळवलेला नाही असंच समजा.

४. अपघाताच्या जागेवर

कुणाला लागलं असेल तर आधी ११२ किंवा १०८. बाकी सगळं त्यानंतर.

मग फोटो. गाडी हलवण्याआधी चारही बाजूंनी लांबून एकेक घ्या. त्यात रस्ता, कठडा, किलोमीटरचा दगड किंवा दुकानाची पाटी असं ठिकाण ओळखता येईल असं काही दिसू द्या. नंबर प्लेट आणि नुकसान एकाच चौकटीत येईल असा किमान एक फोटो हवा. ओडोमीटरचा एक. समोरची गाडी असेल तर तिच्या नंबर प्लेटचा एक. काचा, तुटलेले तुकडे आणि ऑइल सांडलेलं रस्त्यावर दिसतं, तोही एक. मूळ फाइल फोनमध्येच राहू द्या, कारण व्हॉट्सॲपवरून फिरलेल्या फोटोत वेळ आणि जागेची नोंद सहसा उरत नाही.

गाडीखाली पाणी किंवा ऑइल गळत असेल, चाक वाकडं झालं असेल किंवा एअरबॅग उघडल्या असतील, तर चावी फिरवू नका. टो करून घ्या आणि पावती घ्या. खासगी गाडीसाठी ठरावीक मसुद्यात टो करण्याचे १,५०० रुपयांपर्यंत मिळतात. रोड असिस्टन्सचं ॲड-ऑन असेल तर त्याहून जास्तीची सोय असू शकते. या पावतीचा आणखी एक उपयोग आहे. तिच्यावरची तारीख आणि जागा तुमच्या बाजूने साक्ष देते.

समोरच्याशी पैशांची बोली करू नका. 'चूक माझी, खर्च देतो' असं लिहून देणं तर टाळाच. पॉलिसीच्या दुसऱ्या अटीनुसार कंपनीच्या लेखी संमतीशिवाय जबाबदारी मान्य करायची नसते किंवा रक्कम कबूल करायची नसते.

५. कळवायचं कसं

आधी टोल फ्री नंबर. बोलताना घाबरून अंदाजाने काही सांगू नका, कारण कॉल रेकॉर्ड होतो आणि पुढे क्लेम फॉर्मशी ताडून पाहिला जातो. वेळ नक्की आठवत नसेल तर 'साधारण सात ते आठच्या दरम्यान' असं सांगा. गाडी कोण चालवत होतं ते जसं असेल तसंच सांगा. क्लेम नंबर मागा आणि लिहून घ्या.

नंतर ईमेल. अटीत 'लेखी' हा शब्द आहे, म्हणून फोनवर थांबू नका. मजकूर एवढा पुरे:

> विषय: अपघाताची सूचना, पॉलिसी क्र. ____, वाहन क्र. ____
>
> माझ्या वरील वाहनाला दि. ____ रोजी सायंकाळी सुमारे ७.३० वाजता पुणे–सातारा महामार्गावर खंबाटकी घाटात अपघात झाला. वाहन ____ चालवत होते, लायसन्स क्र. ____. वाहन कठड्याला घासून पुढील डाव्या बाजूचे नुकसान झाले आहे. कोणीही जखमी नाही. वाहन सध्या ____ येथे उभे असून चालवलेले नाही. टोल फ्री क्रमांकावर सायंकाळी ____ वाजता कळवले, क्लेम क्र. ____. सर्व्हेअरची नेमणूक करावी. जागेचे फोटो सोबत जोडले आहेत.

ईमेल पाठवल्यावर आपोआप आलेलं उत्तर आणि क्लेम नंबरच्या मेसेजचा स्क्रीनशॉट एका फोल्डरमध्ये ठेवा. नेट नसेल तर एसएमएस किंवा फोन करा आणि रेंजमध्ये येताच ईमेल करा. मालक रुग्णालयात असेल तर घरातलं कुणीही कळवू शकतं. सूचना द्यायला मालकाची सही लागत नाही.

पुढे मागितली जातील ती कागदपत्रं: पॉलिसी, आरसी, चालकाचं लायसन्स, भरलेला क्लेम फॉर्म, गॅरेजचं एस्टिमेट, टोची पावती, आणि कुणी जखमी असेल किंवा दुसऱ्याचं नुकसान झालं असेल तर पोलिसांची कागदपत्रं. दुरुस्तीनंतर अंतिम बिल आणि पैसे भरल्याची पावती. क्लेम फॉर्मवर कोऱ्या सह्या करून गॅरेजला देऊ नका. अपघात कसा झाला तो रकाना स्वतःच्या हाताने भरा.

६. पोलीस आणि जखमी माणसं

फक्त तुमच्याच गाडीचं नुकसान झालं असेल, तर कंपन्या किरकोळ क्लेमसाठी सहसा एफआयआर मागत नाहीत. नुकसान मोठं असेल तर जवळच्या पोलीस ठाण्यात स्टेशन डायरीत नोंद करून तिची प्रत घ्या. कुणी जखमी झालं असेल, तर मोटार वाहन कायद्याच्या कलम १३४ नुसार चालकाने वैद्यकीय मदत मिळवून द्यायची आणि पोलिसांना लवकरात लवकर, जास्तीत जास्त २४ तासांत कळवायचं असतं. याच कलमात विमा कंपनीला लेखी कळवण्याचं कर्तव्यही आहे. पॉलिसी नंबर आणि मुदत, अपघाताची तारीख, वेळ आणि जागा, जखमी किंवा मृतांची माहिती, आणि चालकाचं नाव व लायसन्स, हे सगळं त्यात द्यायचं. म्हणून फक्त थर्ड पार्टी पॉलिसी असलेल्यानेही कळवायचंच.

जखमी व्यक्तीच्या नुकसानभरपाईचा मार्ग वेगळा आहे. ती मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाकडे जाते आणि १ एप्रिल २०२२ पासून त्यासाठी अपघाताच्या तारखेपासून सहा महिन्यांची मुदत आहे. वाहनमालकाने कळवायला उशीर केला एवढ्यावरून त्या माणसाची भरपाई टाळायचा अधिकार कायद्याने कंपनीला दिलेला नाही. तुमचा उशीर नडतो तो तुमच्या स्वतःच्या क्लेमला.

अपघातात गाडीचा मालक-चालकच दगावला, तर घरच्यांना बहुतेक वेळा माहीतच नसतं की त्याच्या नावावर १५ लाख रुपयांचा सक्तीचा वैयक्तिक अपघात विमा असू शकतो. तो गाडीच्या पॉलिसीत तरी असतो किंवा वेगळा घेतलेला असतो. दुःखाच्या घरात ही चौकशी जवळच्या नातेवाइकाने करावी, पॉलिसी शोधावी आणि दोन ओळींचा ईमेल पाठवावा. एफआयआर, पंचनामा, शवविच्छेदन अहवाल आणि वारसाची कागदपत्रं पुढच्या काही आठवड्यांत जमवता येतात.

७. सर्व्हे होईपर्यंत

विमा नियामकाच्या २०२४ च्या सूचनांनुसार क्लेम कळवल्यापासून २४ तासांत सर्व्हेअर नेमायचा असतो, त्याने १५ दिवसांत अहवाल द्यायचा असतो आणि अहवालानंतर ७ दिवसांत कंपनीने निर्णय द्यायचा असतो. तुम्ही कळवलंत की हे घड्याळ सुरू होतं.

तोवर गाडी उघडू देऊ नका. गॅरेजवाला 'जागा अडते, बंपर काढून ठेवतो' म्हणाला तरी नको. आतलं नुकसान उघडल्याशिवाय दिसत नसेल, तर सर्व्हेअरने आधी बाहेरून पाहून फोटो घेतल्यावर आणि त्याच्या मान्यतेने उघडायचं. काढलेले जुने पार्ट अंतिम तपासणीपर्यंत गॅरेजमध्येच राहू द्या. नवा पार्ट बसवला आणि जुना भंगारात गेला, तर त्या पार्टचे पैसे मिळवणं फार कठीण होतं.

८. उशीर झालाच असेल तर

सगळ्यात घातक सल्ला गॅरेजमध्येच मिळतो: 'तारीख कालची टाका, काही होत नाही.' असं कधीही करू नका. उशीर झालेला खरा क्लेम वाचू शकतो. खोट्या तारखेचा क्लेम वाचत नाही आणि वर फसवणुकीचा आरोप येतो. टोल नाक्यावरची फास्टॅगची नोंद, फोटोची वेळ, टोची पावती, रुग्णालयाचा केस पेपर, गॅरेजचं जॉब कार्ड, यांतल्या कुठल्याही एका कागदावरून खरी तारीख उघडी पडते. चालकाचं नाव बदलण्याचंही तसंच.

मग करायचं काय? आज, आत्ता कळवा. बारावा दिवस असेल तर तेरावा उजाडू देऊ नका. ईमेलमध्ये अपघाताची खरी तारीख द्या आणि त्याखाली उशिराचा वेगळा परिच्छेद लिहा. त्यात मधल्या प्रत्येक टप्प्याची तारीख आणि त्याचा पुरावा असू द्या. 'अडचणीमुळे उशीर झाला' या वाक्याला काहीच वजन नसतं. 'दि. ४ ते ११ रुग्णालयात दाखल होतो, डिस्चार्ज कार्ड सोबत. दि. १२ रोजी घरी आलो, त्याच दिवशी कळवत आहे' याला वजन आहे. जवळच्या व्यक्तीचा मृत्यू, पुरामुळे तुटलेला संपर्क, पोलिसांनी गाडी ताब्यात घेतलेली असणं, ही कागदाने दाखवता येणारी कारणं आहेत. 'नियम माहीत नव्हता' हे कारण कमजोर आहे, पण खरं असेल तर तेच लिहा. रचलेल्या कारणापेक्षा ते बरं.

त्यासोबत मागच्या उदाहरणातल्या दोन कारणांना, म्हणजे वाढलेलं नुकसान आणि बंद झालेली तपासणी यांना, उत्तर द्या. उशिराच्या काळात गाडी कुठे होती, ती चालवली गेली नाही हे कशावरून, आणि नुकसान आजही तसंच पाहता येतं का. गाडी पहिल्या दिवसापासून न उघडता उभी असेल, जागेचे फोटो असतील आणि ओडोमीटर जुळत असेल, तर कंपनीला तपासणीत कुठलाही अडथळा आलेला नाही असं ठामपणे लिहिता येतं. 'ताबडतोब' या शब्दामागचा हेतूच तपासणीचा आहे, त्यामुळे हा मुद्दा सगळ्यात जड आहे.

या भूमिकेला आधारही आहे. विमा नियामकाने २० सप्टेंबर २०११ च्या परिपत्रकात कंपन्यांना बजावलं होतं की केवळ उशिराच्या तांत्रिक कारणावरून यांत्रिकपणे क्लेम नाकारू नयेत. उशिराची कारणं जाणून ती नोंदवावीत, आणि तो क्लेम वेळेत आला असता तरीही नाकारलाच गेला असता याची खात्री झाल्याशिवाय नकार देऊ नये. तुमच्या पत्रात या परिपत्रकाची तारीख लिहा.

चोरीच्या क्लेममध्ये न्यायालयांनी आणखी स्पष्ट भूमिका घेतली आहे. २०१७ मध्ये ओम प्रकाश विरुद्ध रिलायन्स जनरल या प्रकरणात, चोरीनंतर आठ दिवसांनी कळवलेला पण खरा ठरलेला क्लेम नाकारणं सर्वोच्च न्यायालयाने चुकीचं ठरवलं. जानेवारी २०२० मध्ये गुरशिंदर सिंग प्रकरणात तीन न्यायमूर्तींच्या पीठाने सांगितलं की एफआयआर लगेच नोंदवला असेल, पोलिसांना वाहन सापडलं नसेल आणि कंपनीच्या तपासातही चोरी खरी आढळली असेल, तर कंपनीला उशिरा कळवलं एवढ्यावर क्लेम नाकारता येणार नाही. फेब्रुवारी २०२२ मधल्या जैना कन्स्ट्रक्शन प्रकरणात ट्रकच्या चोरीचा एफआयआर दुसऱ्याच दिवशी होता आणि कंपनीला कळवायला पाच महिने लागले होते. तिथेही निकाल वाहनमालकाच्या बाजूने लागला.

पण हे निकाल अपघाताच्या क्लेमला जसेच्या तसे लावू नका. चोरीत गाडीच नसते, तपासाचं काम पोलिसांचं असतं आणि लगेच केलेला एफआयआर खरेपणाची साक्ष देतो. अपघातात गाडी समोर असते आणि सर्व्हेअरने वेळेत पाहणं हाच पुरावा असतो. म्हणून अपघाताच्या क्लेममध्ये या निकालांचा आधार घेताना नुकसान आजही तपासता येतं हे तुम्हाला वेगळं दाखवावं लागतं.

९. क्लेम नाकारला तर

तोंडी नकार घेऊ नका. कोणत्या अटीखाली आणि कोणत्या कारणाने नाकारला ते लेखी मागा, सर्व्हेअरच्या अहवालाची प्रतही मागा. कधी कधी असं आढळतं की अहवालात नुकसान अपघाताशी सुसंगत असल्याचं लिहिलेलं आहे आणि नकार फक्त तारखेवर दिलेला आहे. तसं असेल तर तुमची बाजू भक्कम आहे.

पहिली तक्रार कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे ईमेलने करा. सोबत bimabharosa.irdai.gov.in या विमा नियामकाच्या पोर्टलवरही नोंदवा. फोनने करायची असेल तर १५५२५५. महिनाभरात उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर विमा लोकपालाकडे जा. अर्ज cioins.co.in वर करता येतो आणि मुंबई व पुण्यात त्यांची कार्यालयं आहेत. शुल्क नाही, वकील लागत नाही, ५० लाख रुपयांपर्यंतची भरपाई देण्याचा त्यांना अधिकार आहे. कंपनीच्या नकारापासून एका वर्षाच्या आत अर्ज व्हायला हवा आणि तोच वाद न्यायालयात किंवा ग्राहक आयोगात चालू नसावा.

ग्राहक आयोगाचा दुसरा मार्ग आहे. तिथे दोन वर्षांची मुदत असते, पण पॉलिसीच्या अटींत नकारानंतर बारा महिन्यांत दाद मागावी असं कलम बहुधा असतं. त्यावर वाद घालत बसण्यापेक्षा एका वर्षाच्या आतच जा. जिल्हा आयोगाची हद्द भरलेल्या प्रीमियमवर ठरते, त्यामुळे खासगी गाडीचा वाद जिल्हा आयोगातच दाखल होतो आणि ५ लाखांपर्यंतच्या प्रीमियमला तिथे शुल्क लागत नाही. फाइलमध्ये सगळ्यात वर क्लेम नंबरचा मेसेज लावा, त्याखाली पहिला ईमेल, मग जागेचे फोटो, मग उशिराचं कारण दाखवणारे कागद आणि शेवटी नकाराचं पत्र. सदस्य पहिल्या पाच मिनिटांत तारखाच पाहतात.